जुनं फर्मवेअर नको, पण बिघडलेलं वागणं दुरुस्त करा: इन्व्हर्टर कंपनीला खुलं पत्र

प्रति,
फर्मवेअर विभाग आणि ग्राहक सेवा विभाग

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात सोलर बसवते आणि दुरुस्तही करते. हर्णे, मुरुड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात आपल्या कंपनीचे हायब्रिड इन्व्हर्टर बसलेली बरीच घरं माझ्याकडे आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ते दिवस काढलेल्या लोकांनी नंतर पोटाला चिमटा घेऊन लिथियम बॅटऱ्या घेतल्या. बिल कमी यावं हा हेतू दुसरा, लाइट गेली तरी घर चालावं हा पहिला. मी त्यांना आपला इन्व्हर्टर सुचवला तो याच भरवशावर.

मेच्या अखेरीस आपण फर्मवेअरचं, म्हणजे इन्व्हर्टरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, 3.2 हे अपडेट इंटरनेटवरून सगळ्या मशीनवर आपोआप टाकलंत. तेव्हापासून महावितरणची लाइट जास्त वेळ गेली की काही वेळानं बॅटरीही घर सोडून देते. बॅटरी भरलेली असते, इन्व्हर्टर चांगला असतो, तरी घरात अंधार. आम्ही जुनं 3.1 परत मागितलं. आपल्या सेवा विभागाचं उत्तर एका ओळीचं आलं: सुरक्षेच्या कारणास्तव जुनं व्हर्जन टाकता येत नाही.

हे उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं आपण सांगत नाही म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. आपल्याला हेच पत्र मेलनं नावानिशी पाठवलं आहे. आपला पाणउतारा करणं हा हेतू नाही. शिवाय गावोगावी "जुनं व्हर्जन द्या" ही जी मागणी जोर धरते आहे, तीही चुकीच्या वाटेनं चालली आहे असं मला वाटतं. तेव्हा हे आपल्याइतकंच माझ्या ग्राहकांसाठी आणि बरोबरच्या तंत्रज्ञांसाठीही आहे.

आधी बिघाड काय आहे ते सविस्तर सांगते, कारण आपल्या तक्रार फॉर्ममध्ये त्याला "बॅटरी एरर" एवढीच जागा आहे.

हर्ण्याला एका मावशींकडे मासळीचा डीप फ्रीझर आहे. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा साठवलेल्या मालावरच त्यांचा धंदा. जूनमध्ये एका संध्याकाळी लाइट गेली. बॅटरीनं लोड घेतला, सगळं सुरळीत. दोनेक तासांनी मोबाइलची रेंज गेली, कारण टॉवरची बॅटरीही संपली. रेंज गेली की त्यांच्या सिमवाल्या राउटरचं इंटरनेट गेलं. त्यानंतर साधारण 15 मिनिटांनी घर काळोखात गेलं. दोन मिनिटांनी आपोआप उजळलं. पुन्हा 15 मिनिटांनी काळोख. रात्रभर हेच. मी पोचले तेव्हा बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास होती आणि फ्रीझरचा कॉम्प्रेसर घुर्रऽ करून टक्कन बंद पडत होता.

तो टक्क आवाज ओव्हरलोडचा, म्हणजे कॉम्प्रेसरवरच्या सुरक्षा-स्विचचा. कॉम्प्रेसर थांबला की आतला गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच सप्लाय आला तर कॉम्प्रेसरला सुटता येत नाही, तो नुसता करंट ओढतो आणि ओव्हरलोड त्याला तोडतो. थंड झाल्यावर पुन्हा प्रयत्न, पुन्हा टक्क. नीट चालू होईपर्यंत पुढचा झटका येतो. म्हणजे दोन मिनिटांच्या अंधारानं फ्रीझरचा त्याच्या कितीतरी पट वेळ खाल्ला. मावशींचा माल गेला. त्या मला एवढंच म्हणाल्या, "ताई, पहिलं होतं तेच घाला ना परत. ते बरं होतं."

पहिलं होतं ते खरंच बरं होतं. मग बिघडलं काय? आपल्या या मॉडेलमध्ये वाय-फाय आणि बॅटरीच्या बीएमएसशी, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या तिच्या आतल्या सर्किटशी, बोलणं ही दोन्ही कामं एकाच कम्युनिकेशन कार्डावर आहेत. बीएमएसचा निरोप हे कार्ड इन्व्हर्टरच्या मेन बोर्डाला देत राहतं. 3.2 मध्ये आपण या कार्डाला नवी सवय लावलीत: 15 मिनिटं क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या सर्व्हरशी, संपर्क झाला नाही तर स्वतःला रीस्टार्ट करायचं. शहरात अडकलेलं वाय-फाय मोकळं करायला ही युक्ती बरी. पण कार्ड पुन्हा उठायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागतं आणि मेन बोर्ड बीएमएसच्या निरोपाची 10 सेकंदच वाट बघतो. निरोप नाही म्हटल्यावर तो बॅटरी सोडून देतो. लिथियमच्या बाबतीत हे त्याचं वागणं बरोबरच आहे. बीएमएस गप्प असताना बॅटरीतून करंट काढू नये. त्यात मेन बोर्डाचा दोष नाही. दोष कार्डाच्या त्या नव्या सवयीचा आहे.

आणि कोकणात ही सवय नेमकी नको त्या वेळी जागी होते. लाइट गेली की मागोमाग टॉवर जातो, टॉवर गेला की इंटरनेट जातं. ज्या रात्रीसाठी लोकांनी बॅटरी घेतली, त्याच रात्री ती सोडून जाते. एरवी महिनाभर मशीन बघितलं तरी काहीच दिसत नाही, कारण लाइट असताना बॅटरी क्षणभर सुटली तरी घर ग्रिडवर चालूच राहतं.

हे ज्यांना आपल्या घरी तपासून बघायचं असेल त्यांनी लाइट असतानाच राउटर बंद करून ठेवावा आणि इन्व्हर्टरच्या डिस्प्लेकडे लक्ष द्यावं. 15 मिनिटांच्या आसपास बीएमएस कम्युनिकेशनचा अलार्म आला आणि थोड्या वेळानं आपोआप गेला, तर तुमच्याकडे हाच बिघाड आहे. अलार्म आलाच नाही तर दुखणं वेगळं. मग केबल, कनेक्टर आणि त्यांवरचं खारं पाणी तपासायला हवं.

आता मुख्य मुद्दा. जुनं का घेत नाही?

मी माझ्याकडची 3.1 ची फाइल लोकल पोर्टवरून टाकून बघितली. कार्डानं नाकारली. कार्डावर ईएसपी32 चिप आहे, तिच्या सिरीयल पोर्टवर लॅपटॉप लावला की कारण स्पष्ट वाचता येतं. फाइल खराब नव्हती, ती खरी असल्याची आपली डिजिटल सहीही बरोबर होती. एरर होती ती ही:

```
ESP_ERR_OTA_SMALL_SEC_VER
```

फाइलचा सुरक्षा आकडा चिपमधल्या आकड्यापेक्षा लहान आहे, असं ती सांगते. हा आकडा म्हणजे 3.1, 3.2 नव्हे. ते आपलं दाखवायचं नाव. सुरक्षा आकडा वेगळा असतो, तो फर्मवेअर बनवताना ठरवतात आणि चिपच्या ई-फ्यूजमध्ये नोंदला जातो. ई-फ्यूज म्हणजे चिपच्या आतले बारीक बिट, जे शून्याचे एक होतात पण एकाचे शून्य कधीच होत नाहीत. एकेक आकडा वाढतो तसा एकेक बिट कायमचा जळतो. ईएसपी32 मध्ये यासाठी जास्तीत जास्त 32 बिट आहेत, म्हणजे मशीनच्या सगळ्या आयुष्यात हा आकडा तेवढ्याच वेळा वाढवता येतो. चालू होताना बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, हा आकडा वाचतो आणि त्याहून लहान आकड्याचं फर्मवेअर सुरूच करत नाही. माझ्याकडच्या जुन्या, अपडेट न झालेल्या कार्डावर बूट होताना ओळ येते `Secure version (from eFuse) = 1`. मावशींच्या कार्डावर तीच ओळ येते, पण शेवटी 2 असतो. तो 2 पुन्हा 1 होणार नाही. आपणही तो करू शकत नाही, हे मला मान्य आहे.

हे कुलूप असायलाच हवं, हेही मला मान्य आहे. का, ते माझ्या लोकांसाठी सांगते.

3.1 मध्ये एक भोक होतं. कार्डाच्या लोकल पानावर पासवर्ड न देताही सेटिंग बदलण्याची आज्ञा चालत होती. आपण ते 3.2 मध्ये बुजवलंत, चांगलं केलंत. कर्द्याच्या होमस्टेमध्ये आलेला प्रत्येक पाहुणा त्याच वाय-फायवर असतो. त्यातल्या कुणीही फोनवरून बॅटरीची चार्जिंगची मर्यादा बदलावी किंवा घराचा सप्लाय बंद करावा, ही गोष्ट चालवून घेण्यासारखी नाही.

पण नुसतं नवं व्हर्जन दिल्यानं भोक बुजत नाही. 3.1 च्या फाइलवर आपलीच खरी सही आहे आणि सहीला मुदत नसते. घुसणाऱ्याला आपली गुप्त किल्ली चोरायची गरजच नाही. त्यानं फक्त आपलीच जुनी, सही असलेली फाइल शोधायची, मशीनवर चढवायची आणि बुजवलेल्या भोकातून आत यायचं. संगणकाच्या जगात हे घडून गेलं आहे. विंडोजच्या बूट मॅनेजरमधली CVE-2022-21894 ही चूक मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2022 मध्ये दुरुस्त केली, पण सही असलेल्या जुन्या फाइली बाद केल्या नव्हत्या. ब्लॅकलोटस नावाच्या मालवेअरनं ती जुनी फाइल स्वतःबरोबर आणली आणि दुरुस्त झालेल्या संगणकांतही सिक्युअर बूट हा चालू होतानाचा सही तपासणारा पहारा ओलांडला. इसेट कंपनीनं मार्च 2023 मध्ये हे जाहीर केलं, म्हणजे दुरुस्तीनंतर वर्षभरानं. जुनं नाकारण्याची सोय नसेल तर सुरक्षेची दुरुस्ती कागदावर राहते, ती अशी.

आणि हा आकडा साध्या मेमरीत ठेवून भागत नाही, कारण जो फर्मवेअर बदलू शकतो तो मेमरीतला आकडाही बदलू शकतो. म्हणून फ्यूज. इथपर्यंत मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे.

माझ्या तक्रारी इथून पुढे सुरू होतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी: आपण फ्यूज फार लवकर आणि चुकीच्या परीक्षेवर जाळलात. या चिपच्या व्यवस्थेत नव्या फर्मवेअरला आधी उमेदवारीवर ठेवता येतं. कार्डात दोन जागा असतात, एकीत जुनं राहतं, दुसरीत नवं येतं. नवं पहिल्यांदा चालू झालं की ते "तपासणी बाकी" अशा अवस्थेत असतं. त्या अवस्थेत ते कोसळलं किंवा रीस्टार्ट झालं तर बूटलोडर मुकाट्यानं जुन्याकडे परततो. नव्या फर्मवेअरनं `esp_ota_mark_app_valid_cancel_rollback()` हे फंक्शन बोलावून "मी ठीक आहे" असं सांगितलं, की मगच ते कायम होतं आणि मगच सुरक्षा आकडा फ्यूजमध्ये चढतो. परत फिरायची ही शेवटची वेळ. त्यामुळे "मी ठीक आहे" हे कशावरून ठरवायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

आपण ते कशावरून ठरवता, हे मी दोन कार्डं टेबलावर लावून बघितलं. दोन्हीवर 3.1, दोन्हींचा फ्यूज 1. दोन्हीवर लोकल पोर्टवरून 3.2 टाकलं. पहिल्याला इंटरनेट असलेला राउटर दिला. ते क्लाउडशी जोडलं गेलं, आणि पुढच्या रीबूटला फ्यूजचा आकडा 2 दिसला. दुसऱ्याला राउटर दिला, पण राउटरची इंटरनेटची वायर काढून ठेवली. 15 मिनिटांनी त्यानं स्वतःला रीस्टार्ट केलं, आणि उठलं ते 3.1 होऊनच. फ्यूज 1 वरच होता, बीएमएस बोलत होता, सगळं जागच्या जागी.

म्हणजे क्लाउड भेटलं की आपण नवं फर्मवेअर पास करता. अपडेट इंटरनेटवरूनच आलं असेल तर त्या क्षणी इंटरनेट असणारच. जी गोष्ट अपडेट येण्यासाठीच लागते, तीच आपण परीक्षेत विचारली. आणि बिघाड नेमका क्लाउड नसतानाच दिसतो. दुसऱ्या कार्डानं जे करून दाखवलं तेच संरक्षण गावातल्या प्रत्येक मशीनला मिळालं असतं, जर आपण काही मिनिटांत पास करण्याऐवजी थांबला असतात. लाइट गेल्याचा एक प्रसंग, इंटरनेट नसलेला एक काळ आणि त्या दोन्हींत बीएमएसचा निरोप न तुटणं, एवढं जरी पास होण्यासाठी विचारलं असतं, तरी 3.2 हर्ण्यात पहिल्याच रात्री आपोआप मागे फिरलं असतं. मावशींचा माल वाचला असता.

दुसरी तक्रार: सुरक्षेची दुरुस्ती आणि वागण्यातला बदल आपण एकाच पुडीत बांधलात. पासवर्डचं भोक बुजवणं तातडीचं होतं. क्लाउड नसेल तर रीस्टार्ट व्हायचं, याची घाई कुणालाच नव्हती. ज्या फर्मवेअरनं फ्यूज जळणार, म्हणजे ज्यावरून परतीची वाट बंद होणार, त्यात अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज काहीही असू नये. परत न येणाऱ्या गाडीत नवं, न पारखलेलं सामान भरू नये, इतकं साधं आहे हे.

तिसरी: आधी सांगितलं नाहीत. गुगलनं ऑगस्ट 2022 मध्ये पिक्सेल 6, 6 प्रो आणि 6ए साठी अँड्रॉइड 13 दिलं, तेव्हा बूटलोडरचा अँटी-रोलबॅक आकडा, म्हणजे असाच सुरक्षा आकडा, वाढतो आहे आणि त्यानंतर अँड्रॉइड 12 वर परतता येणार नाही, असं सरळ लिहून कळवलं होतं. आपल्या सूचनेत "कामगिरीत सुधारणा आणि सुरक्षा" एवढेच शब्द होते. हे अपडेट एकेरी आहे हे कळलं असतं, तर मी माझ्या ग्राहकांना आधी एका मशीनवर बघायला सांगितलं असतं. पावसाच्या तोंडावर सगळ्या किनाऱ्यावर एकदम येऊ दिलं नसतं.

चौथी आपल्या सेवा विभागाविषयी. "सुरक्षेच्या कारणास्तव" हे उत्तर आपण जणू तिथेच सगळं संपलं अशा रीतीनं देता. जुनी फाइल घालता येत नाही, हे खरं. म्हणून जुनं वागणं देता येत नाही, हे खरं नाही.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती नीट मांडते. फ्यूज फर्मवेअरमधला कोड बघत नाही. तो फक्त आकडा बघतो. 3.1 चा कोड घ्या, त्यात पासवर्डची दुरुस्ती घाला, रीस्टार्टची सवय घालू नका, आणि बनवताना सुरक्षा आकडा 2 द्या:

```
CONFIG_BOOTLOADER_APP_ANTI_ROLLBACK=y
CONFIG_BOOTLOADER_APP_SECURE_VERSION=2
```

त्यावर सही करा आणि त्याला 3.2.1 म्हणा. मावशींचं कार्ड ते घेईल, कारण आकडा बरोबरीचा आहे. लहान आकडा नाकारला जातो, बरोबरीचा नाही. नवा फ्यूज जाळायचीही गरज नाही. भोक बंद राहील आणि बॅटरी घर सोडणार नाही. कुलूप तसंच राहून माणसाला त्याचं चालतं घर परत मिळेल.

ही माझी कल्पनेतली सोय नाही. वर सांगितलेल्या पिक्सेल 6 च्या बाबतीतच, ॲप बनवणाऱ्यांना अँड्रॉइड 12 वर चाचण्या घ्यायच्या होत्या, तेव्हा गुगलनं त्यांच्यासाठी अँड्रॉइड 12 च्या खास इमेज काढल्या. त्यांतल्या बूटलोडरचा अँटी-रोलबॅक आकडा वाढवलेला होता, म्हणून फोन त्या स्वीकारत होता. जुनी सिस्टीम, पण नव्या आकड्यासह. कुलूप न तोडता हे करता येतं, त्यासाठी कंपनीनं बसून एक फाइल बनवावी लागते एवढंच.

म्हणून माझ्या मागण्या "जुनं द्या" अशा नाहीत.

एक, वर सांगितलेलं 3.2.1 तातडीनं द्या. ते तयार होईपर्यंत क्लाउड नसतानाचा रीस्टार्ट बंद करण्याचं सेटिंग लोकल पानावर, अर्थातच पासवर्डमागे, उघडून द्या. इंटरनेट नसलेल्या घरातही टाकता येईल अशी सही केलेली फाइल तंत्रज्ञांना मिळू द्या. ज्या गावात टॉवरच नाही तिथे आपलं अपडेट पोचणार कसं?

दोन, पास होण्याची परीक्षा बदला. क्लाउड भेटणं ही अट काढून टाका आणि तिच्या जागी बॅटरीचं काम ठेवा: ग्रिड गेल्यावर आणि इंटरनेट तुटल्यावरही बीएमएसचा संपर्क टिकला पाहिजे. त्यातला एखादा प्रसंग काही दिवसांत आपोआप घडला नाही, तर तंत्रज्ञाला मेन स्विच आणि राउटर पाडून तो घडवता आला पाहिजे.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवायला हवी. उमेदवारीवर असलेलं फर्मवेअर कुठल्याही कारणानं रीस्टार्ट झालं तरी जुन्याकडे जातं. दिवसचे दिवस उमेदवारी ठेवली तर एखादं चांगलं अपडेटही उगाच मागे फिरेल. त्यावर उपाय असा की पास करणं आणि आकडा चढवणं ही दोन पावलं वेगळी करा. आधी सुरक्षा आकडा न वाढवता दुरुस्ती द्या, ती काही आठवडे सगळीकडे चालू द्या, तक्रारी ऐका, आणि मग आकडा वाढवणारं छोटं अपडेट काढा. मधल्या काळात जुनी फाइल चढवून घुसण्याचा धोका उरतो, हे मी नाकारत नाही. भोकाचा वापर करून कुणी प्रत्यक्ष हल्ले करत असेल तर थांबू नये, लगेच आकडा वाढवावा. पण तसं नसताना, पावसाळ्याच्या तोंडावर, न पारखलेल्या बदलासकट फ्यूज जाळण्याची घाई नको. अँड्रॉइडच्या व्हेरिफाइड बूट या सही तपासणाऱ्या व्यवस्थेच्या मार्गदर्शनातही हेच तत्त्व आहे: दोन जागांच्या यंत्रणेत, जी जागा यशस्वी ठरली आहे तिच्यावरूनच साठवलेला आकडा वाढवायचा. प्रश्न यशस्वी कशाला म्हणायचं एवढाच, आणि तो ठरवताना ज्यांच्या घरी लाइट जाते त्यांना विचारा.

तीन, परतीची वाट बंद करणारं प्रत्येक अपडेट आधी मराठीत, ठळकपणे कळवा. ते कधी घ्यायचं हे मर्यादित मुदतीत ग्राहकाला ठरवू द्या, आणि मशीनच्या डिस्प्लेवर सध्याचा सुरक्षा आकडा दिसू द्या. आज तो बघायला कार्ड उघडून लॅपटॉप लावावा लागतो.

चार, ज्यांचा माल आपल्या 3.2 मुळे गेला त्यांच्या तक्रारी "बॅटरी एरर" म्हणून बंद करू नका. मशीनच्या लॉगमध्ये बीएमएस तुटल्याच्या नोंदी 15-15 मिनिटांच्या अंतरानं बसलेल्या आहेत, त्या आपल्याला सहज वाचता येतील. त्या वाचून भरपाईचा निर्णय लेखी कळवा.

आता दोन शब्द माझ्या बरोबरच्या तंत्रज्ञांना. काहीजण स्टॉकमधलं जुनं, फ्यूज 1 असलेलं कार्ड घालून देतात आणि इंटरनेट तोडून ठेवतात. इन्व्हर्टर चालतो, ग्राहक खूश होतो. पण ते पासवर्डचं भोक पुन्हा घरात बसवलेलं असतं, आणि कार्डाचं स्वतःचं वाय-फाय चालूच असतं. होमस्टे, हॉटेल, दुकान अशा ठिकाणी हे करू नका. मी मावशींकडेही ते केलं नाही, त्यांनी मागूनही. तात्पुरता इलाज म्हणून राउटरला स्वतःची छोटी बॅटरी लावून फायदा नाही, कारण रेंज टॉवरकडून जाते. जिथे वायरचं इंटरनेट आहे आणि ते लाइट गेल्यावरही टिकतं, तिथेच तिचा उपयोग. बाकी ठिकाणी सध्या एवढंच जमतं की फ्रीझरच्या पुढे डिले टायमर लावावा. सप्लाय आल्यावर पाचेक मिनिटांनीच कॉम्प्रेसरला वीज मिळाली तर तो नीट सुटतो, ओव्हरलोड उडत नाही आणि दर फेरीत थोडा वेळ तरी गारवा मिळतो. घर अंधारात जायचं थांबत नाही, कॉम्प्रेसर जळायचा तेवढा वाचतो.

टेबलावरच्या दोन्ही कार्डांचे सिरीयल लॉग आणि मावशींच्या मशीनची नोंद मेलसोबत जोडली आहे. आपला अभियंता इकडे येणार असेल तर दोन्ही कार्डं आणि माझं टेबल त्याच्यासाठी मोकळं आहे. राउटरची वायर काढून तो स्वतः बघू शकेल.

गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, बंद घरं उघडतात, प्रत्येक घरात फ्रिज आणि पंप एकदम चालू होतात, आणि त्याच दिवसांत इथली लाइट सगळ्यात जास्त जाते. पहिली मागणी त्याआधी पूर्ण व्हावी. बाकीच्या तीन मागण्यांवर आपण काय करणार आणि कधी, ते लेखी कळवावं. आलेलं उत्तर मी माझ्या सगळ्या ग्राहकांना जसंच्या तसं वाचून दाखवेन.

आपली,
दापोली तालुक्यातली एक सोलर तंत्रज्ञ